शोभतो म्हणजे नेमकं काय होतं? कपड्याचा रंग, चेहऱ्याचा रंग आणि अंडरटोनचं अर्धवट गणित

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं, किंवा ज्यांच्या गावात रेंज एका झाडाखालीच येते, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलताना निसटलेल्या दोन-तीन गोष्टी इथे नीट मांडल्या आहेत.

आजचा विषय रील्समुळे आला. मनगट उलटं करा, शिरा बघा. निळ्या दिसल्या तर तुम्ही कूल, हिरव्या दिसल्या तर वॉर्म. मग कूल असाल तर चांदी आणि निळा, वॉर्म असाल तर सोनं आणि मोहरी. दहा सेकंदांत आयुष्यभराचं कपाट ठरलं. या विषयावर तुमचे इतके मेसेज आले की म्हटलं, एकदा नीट उकलूनच टाकू.

त्यातला एक मेसेज असा. तिघी बहिणी, दोन चुलत आणि एक मामेबहीण. एक चंद्रपूरला, एक वडशाला, एक गडचिरोलीला. घरात लग्न आहे आणि तिघींनी एकसारख्या कोशाच्या साड्या नेसायच्या ठरवल्या आहेत, न रंगवलेल्या, मूळ मधाळ रंगाच्या. एक बरीच उजळ, एक गव्हाळ, एक सावळी. एका ॲपने दोघींना "ऑटम" सांगितलं आणि तिसरीला "विंटर". आता विंटरवालीला घरचे म्हणतात, तुला कोसा शोभणार नाही, तू दुसरं काही घे. प्रश्न एवढाच होता: हे खरं आहे का?

उत्तर द्यायच्या आधी एक शब्द तपासावा लागतो.

"शोभतो" या शब्दात तीन गोष्टी लपल्या आहेत

आपण म्हणतो, रंग उठून दिसतो. आपण म्हणतो, रंग खुलतो. आणि आपण म्हणतो, या रंगात उजळ दिसतेस. बोलताना तिन्ही एकच वाटतात, पण मोजायला गेलं तर तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

उठून दिसतो तो कपडा. लांबून नजर आधी कुठे जाते, याचा तो प्रश्न. खुलतो तो चेहरा. डोळ्यांखालच्या सावल्या, हनुवटीखालचा अंधार, ओठांचा रंग हे सगळं स्वच्छ दिसतं का, याचा तो प्रश्न. आणि उजळ दिसणं म्हणजे त्वचा आहे त्यापेक्षा फिकी भासणं. सल्ला देणारा यातला कोणता अर्थ धरून बोलतोय, हे तो सांगत नाही. बहुतेक वेळा तिसरा अर्थ धरलेला असतो. गोरं करण्याचं आश्वासन विकणाऱ्या फेअर अँड लव्हली क्रीमने २०२० साली नाव बदलून ग्लो अँड लव्हली केलं, पण "सावळ्या रंगावर भडक नको" हे वाक्य काही घरातून गेलेलं नाही. एकच कपडा एका अर्थाने शोभतो आणि दुसऱ्या अर्थाने शोभत नाही, असं कसं होतं ते पुढे बघू.

शिरांची परीक्षा काहून फसते

त्वचेचा रंग मुख्यतः दोन गोष्टींतून येतो. मेलॅनिन, म्हणजे तपकिरी रंगद्रव्य, आणि त्वचेखालच्या रक्तातलं हिमोग्लोबिन, म्हणजे लालसर छटा. थोडी पिवळसर भर आहारातल्या कॅरोटीनची. या तिन्हींचं मिश्रण मोजायचं यंत्र असतं. त्याने जगातल्या कोणत्याही माणसाची त्वचा मोजली, तरी रंग लाल आणि पिवळ्याच्या मधल्या नारिंगी पट्ट्यातच येतो. कोणाचा थोडा लालाकडे झुकलेला, कोणाचा थोडा पिवळ्याकडे. निळी त्वचा कोणाचीच नसते. म्हणजे "कूल" हा शब्द "इतरांपेक्षा जरा कमी पिवळा" एवढ्याच अर्थाने खरा आहे. सलग उताराच्या मधोमध कोणीतरी एक रेघ ओढली आणि अलीकडे वॉर्म, पलीकडे कूल अशा पाट्या लावल्या. आपल्यातले बरेचसे लोक त्या रेघेच्या आसपासच असतात, म्हणून एक ॲप एक सांगतं आणि दुसरं दुसरं.

आता शिरा. शिरेतलं रक्त निळं नसतं, गडद लाल असतं. ती निळसर किंवा हिरवट दिसते कारण प्रकाश त्वचेत शिरून विखुरतो, आणि शीर किती खोल आहे, किती जाड आहे, आजूबाजूची त्वचा कोणत्या रंगाची आहे, यावर आपल्या डोळ्याला तिचा रंग ठरवावा लागतो. म्हणजे ही परीक्षा शिरेची खोलीही मोजते आणि अंडरटोनही, आणि दोन्ही एकत्र करून एकच उत्तर देते. एकाच मनगटावर एक शीर निळी आणि शेजारची हिरवी दिसते ती म्हणूनच. सावळ्या त्वचेत मेलॅनिन जास्त असतं, त्यामुळे शीर बऱ्याचदा नीट दिसत नाही. तिथे ही परीक्षा "उत्तर नाही" असं सांगत नाही, बघणारा अंदाजाने काहीतरी ठरवतो.

शिवाय परीक्षा होते मनगटाच्या आतल्या बाजूवर आणि कपडा येतो चेहऱ्याजवळ. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. स्कार्फ न बांधता गाडीवर फिरणाऱ्याचं मनगट आणि गाल हे दोन वेगळे रंग असतात. गालाचा रंग पावसाळ्याच्या शेवटी वेगळा आणि उन्हाळ्याच्या शेवटी वेगळा.

आणि ते "ऑटम-विंटर"? कॅरोल जॅक्सन या अमेरिकन लेखिकेचं "कलर मी ब्यूटिफुल" हे पुस्तक १९८० साली आलं आणि माणसांचे चार ऋतू करायची पद्धत घराघरांत पोचली. त्या मांडणीत गोऱ्या बायकांसाठी चारही ऋतू उघडे होते. आशियाई आणि कृष्णवर्णीय बायकांना मात्र बहुतेक सरसकट विंटरमध्ये टाकलं होतं. त्यामागचं कारण होतं काळे केस आणि काळे डोळे. पुढे चाराचे बारा ऋतू झाले, पण पाया तोच राहिला. तसंही त्यांचा ऑटम म्हणजे ऑक्टोबरची पानगळ. आपल्या जंगलात पानं गळतात ती फेब्रुवारी-मार्चमध्ये, पळस पेटलेला असताना. ऋतूचं नाव उसनं घेतलं की त्यामागची माणसंही उसनीच येतात.

कॉन्ट्रास्टचा नियम आणि कोशाचं गणित

दुसरा लोकप्रिय नियम कॉन्ट्रास्टचा. केस आणि त्वचा यांच्यातला फरक बघा. फरक जास्त असेल तर काळा-पांढरा असे टोकाचे रंग घाला, कमी असेल तर एकमेकांजवळचे सौम्य रंग घाला.

जिथे केस सोनेरी, तांबूस, तपकिरी, काळे असे सगळे असतात, तिथे हा नियम थोडी माहिती देतो. आपल्याकडे जवळपास सगळ्यांचे केस काळे. म्हणजे या गणितातली एक संख्या कायम तीच, बदलते फक्त त्वचा. मग नियम आपोआप असा होतो: गोरा असशील तर ठळक घाल, सावळा असशील तर मंद घाल. आजीचं जुनं वाक्य नव्या इंग्रजी शब्दांत परत आलं, एवढंच.

आता त्या तिघींचं गणित प्रत्यक्ष मांडू. हार्वर्डचे समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांची दहा छटांची मापपट्टी गूगलने २०२२ साली खुली केली. तिच्यातल्या छटांचे कोड सगळ्यांना बघता येतात. उजळ बहिणीसाठी ५ वी छटा घेऊ, `#d7bd96`. गव्हाळ बहिणीसाठी ६ वी, `#a07e56`. सावळीसाठी ८ वी, `#604134`. खरी माणसं अशी एका कोडात बसत नाहीत, पण हिशोबाला आधार मिळतो.

उजळपणा ० ते १०० मोजतात, शून्य म्हणजे पूर्ण काळा, शंभर म्हणजे पूर्ण पांढरा. या तीन छटांचा उजळपणा येतो साधारण ७८, ५५ आणि ३१.

न रंगवलेला कोसा म्हणजे टसर. आरमोरीच्या बाजूला ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर ज्याच्या अळ्या पोसतात, तो. त्याचा धागा मुळातच फिकट बदामीपासून मधाळ-तांबूसपर्यंत असतो. मधली छटा `#c8a878` धरली तर उजळपणा ७१ च्या आसपास. आता वजाबाकी करा. उजळ बहिणीशी फरक ७. गव्हाळ बहिणीशी १६. सावळ्या बहिणीशी ४०.

म्हणजे जिला "तुला कोसा नको" सांगितलं, तिच्याच अंगावर कोसा सगळ्यात स्वच्छ उठून दिसणार. आणि जिला ॲपने "ऑटम, कोसा तुझाच" म्हटलं, त्या उजळ बहिणीचा चेहरा आणि साडी एकमेकांत मिसळणार. त्वचाही बदामी, कापडही बदामी. काहींना हे आवडतं, शांत वाटतं. फोटोत मात्र गळा कुठे संपला आणि पदर कुठे सुरू झाला हे शोधावं लागतं.

पण इथेच थांबलो तर आपणही एक नवा अर्धवट नियम बनवू: फरक मोठा म्हणजे चांगलं. म्हणून अजून एक रंग घेऊ, हळदीचा पिवळा, `#e3b01f`. याचा उजळपणा साधारण ७५. उजळ बहिणीशी फरक फक्त ३, कोशापेक्षाही कमी! नियमाप्रमाणे तिचा चेहरा हळदीच्या साडीत हरवून जायला हवा. प्रत्यक्षात तसं होत नाही, साडी पन्नास फुटांवरून ओरडते. कारण उजळपणा सारखा असला तरी हळदीत रंगाचा जोर प्रचंड आहे आणि कोशात कमी. या जोराला भडकपणा म्हणा, तीव्रता म्हणा. त्वचा स्वतः कमी तीव्रतेची असते, म्हणून कमी तीव्रतेचं कापड तिच्यात मिसळतं आणि जास्त तीव्रतेचं वेगळं उभं राहतं. फोटो काळा-पांढरा करून कॉन्ट्रास्ट बघा असं सांगतात, तेव्हा नेमकी हीच माहिती पुसली जाते.

म्हणून माझ्या मते क्रम असा हवा: आधी उजळपणा, मग तीव्रता, आणि अंडरटोन सगळ्यात शेवटी. पहिल्या दोन गोष्टी बदलल्या की फरक समोरच्याला लगेच दिसतो. तिसरी बदलली तर शेजारी-शेजारी धरून बघावं लागतं.

तिघींचा प्रश्न सुटतो तो साडी बदलून नाही, ब्लाउजने. चेहऱ्याला सगळ्यात जवळ असतो तो ब्लाउजचा गळा. उजळ बहिणीने गडद मरून ब्लाउज घेतला, समजा `#7a1f2b`, उजळपणा २७-२८, तर चेहरा आणि कोसा यांच्यामध्ये स्पष्ट रेघ येते. गव्हाळ बहिणीला मरून किंवा बॉटल ग्रीन दोन्ही चालतील, फरक दोन्हीकडे मध्यम. सावळ्या बहिणीच्या बाबतीत मरूनचा उजळपणा तिच्या त्वचेच्या अगदी जवळ जातो, फरक ३-४. ते वाईट नाही. मरूनमध्ये तीव्रता आहे, त्यामुळे त्वचा आणि ब्लाउज एका सुरात दिसतात आणि कोसा त्यांच्याभोवती चमकतो. तिला ठळक हवं असेल तर राणी किंवा हळदी ब्लाउज घ्यावा. दोन्ही बरोबर आहेत, निवड तिची.

कोशाबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. तो रंगवून घेणार असाल तर लक्षात ठेवा, खालचा धागा पांढरा नाही. ब्लीच न करता फिकट गुलाबी किंवा आकाशी मागितलं तर त्यात मूळचा बदामी रंग मिसळतो आणि छटा मळकट-पिवळसर होते. गडद रंग मात्र छान बसतात. कॅटलॉगमधल्या रंगावर जाऊ नका, रंगवलेल्या कोशाचाच तुकडा मागा.

पांढऱ्याचं कोडं

आता सुरुवातीच्या तीन अर्थांकडे येऊ. सावळ्या मुलाने पांढरा शुभ्र शर्ट घातला. एक जण म्हणतो, "काय खुलून दिसतोय!" दुसरा म्हणतो, "यात अजून काळा दिसतो." दोघंही खरं बोलत असतात.

डोळा शेजारच्या रंगाशी तुलना करून बघतो. पांढऱ्याजवळ कुठलीही गोष्ट गडद भासते, काळ्याजवळ फिकी भासते. पॅरिसच्या गोबलाँ कारखान्यात रंगाईचं काम बघणारे रसायनशास्त्रज्ञ शेवरल यांनी १८३९ साली हे पुस्तकातून सविस्तर मांडलं. लोकांची तक्रार होती की काळा धागा फिका दिसतो, आणि दोष रंगात नव्हता, शेजारच्या धाग्यांत होता.

पण कपडा फक्त शेजारी नसतो, तो आरशासारखा प्रकाशही फेकतो. पांढरा शर्ट खालून हनुवटीवर, गालांवर, डोळ्यांखाली प्रकाश टाकतो आणि सावल्या भरून काढतो. फोटोग्राफर चेहऱ्याखाली थर्माकोलची शीट धरतो, ती याचसाठी. म्हणजे पांढऱ्यात त्वचा गडद भासते आणि त्याच वेळी चेहऱ्यावरचा थकवा कमी दिसतो. काळ्यात याच्या उलट: त्वचा फिकी भासते, पण डोळ्यांखालच्या सावल्या जशाच्या तशा राहतात.

रंगीत कापडातही हीच ओढाताण असते. लाल ओढणी हनुवटीवर खरोखर लालसर प्रकाश टाकते, पण डोळा तुलनेने चेहऱ्याला लालाच्या उलट, जरा हिरवट बाजूला ढकलतो. कापड गळ्याशी घट्ट असेल आणि ऊन चांगलं असेल तर फेकलेला प्रकाश जिंकतो. गळा खोल असेल, कापड लांब असेल, तर तुलना जिंकते. त्याच लाल रंगाचा बंद गळ्याचा कुर्ता आणि खोल गळ्याचा ब्लाउज वेगळे दिसतात ते यामुळे, आणि "लाल तुला चालतो" हे वाक्य एकटं अपुरं पडतं ते यामुळेच.

दुकानात आणि मोबाइलमध्ये काय बिघडतं

दुकानात बहुतेक निळसर-पांढऱ्या एलईडी लावलेल्या असतात. त्यात निळे-जांभळे खुलतात, आणि मरून-तपकिरी मेल्यासारखे दिसतात. दोन कापडं दुकानात अगदी जुळतात आणि घरी अंगणात वेगळी निघतात, हेही होतं, कारण त्यांचे रंग वेगवेगळ्या द्रव्यांनी बनलेले असतात आणि दिवा बदलला की ती द्रव्यं वेगळी वागतात. गोल बाजारातून ब्लाउजपीस घेत असाल तर साडी सोबत न्या आणि दोन्ही घेऊन दारात या. दुकानदाराला याची सवय असते.

सेल्फी त्याहून फसवी. पांढरा शर्ट फ्रेममध्ये जास्त आला की कॅमेऱ्याला वाटतं प्रकाश खूप आहे, तो फोटो गडद करतो आणि चेहरा काळवंडतो. काळा शर्ट घातला की तो फोटो उजळवतो. चेहरा ओळखून प्रकाश ठरवणारे फोन थोडं सावरून घेतात, पूर्ण नाही. पिवळी साडी फ्रेमभर असली की कॅमेऱ्याला कधी कधी प्रकाशच पिवळा वाटतो. तो निळं मिसळतो आणि चेहरा राखाडी दिसतो. मग निष्कर्ष निघतो, "पिवळा मला शोभत नाही". इथे पिवळा नापास झालेला नसतो, फोनचा व्हाइट बॅलन्स फसलेला असतो.

यावर उपाय सोपा आहे. दोन कापडांचे दोन फोटो काढू नका. एक कापड डाव्या खांद्यावर, दुसरं उजव्या खांद्यावर, आणि एकच फोटो. आता कॅमेरा जी काही लबाडी करेल ती दोन्हींवर सारखी. मग कापडांची अदलाबदल करून अजून एक, म्हणजे खिडकीच्या बाजूचा फायदा कोणा एकाला मिळणार नाही. ब्युटी फिल्टर बंद ठेवा, तो आधीच त्वचा फिकी करत असतो.

घरी करायची तपासणी

सकाळी नऊ-दहाला ओसरीत किंवा दारात उभे राहा. थेट ऊन नको, झाडाखालीही नको, पानांतून येणारा प्रकाश हिरवा असतो. शेजारी रंगवलेली भिंत नको, तीही रंग फेकते. आरसा घ्या, कापड हनुवटीखाली धरा आणि कापडाकडे न बघता चेहऱ्याकडे बघा.

पहिली जोडी: एकाच रंगाचं फिकं आणि गडद कापड. दुसरी जोडी: उजळपणा सारखा, पण एक भडक आणि एक मंद, जसं हळदी आणि कोसा. तिसरी जोडी: झुकाव, जसं विटकरी लाल आणि जांभळट लाल. प्रत्येक वेळी डोळ्यांखालची सावली, ओठांची कड आणि हनुवटीखालचा भाग बघा. तिसऱ्या जोडीत फरक जाणवलाच नाही, तर तुमच्यासाठी अंडरटोन हा प्रश्नच नाही. कपाट त्यावरून ठरवू नका. फरक जाणवला तर तो नक्की वापरा. माझं म्हणणं अंडरटोन खोटा आहे असं नाही, त्याला पहिल्या नंबरवर बसवू नये एवढंच आहे.

ही तपासणी एक गोष्ट सांगू शकत नाही: तुम्हाला काय हवंय. हळदीच्या दिवशी अख्खं घर पिवळं नेसतं आणि नवरीला कोणी अंडरटोन विचारत नाही. हिरवा चुडा सगळ्या हातांवर चढतो. तिथे रंगाचं काम वेगळं असतं. बाकीच्या दिवशी कोणी म्हणालं की हा रंग तुला शोभत नाही, तर त्याला एवढंच विचारा: कपडा उठत नाही, चेहरा खुलत नाही, की मी गोरी दिसत नाही? पहिल्या दोन उत्तरांवर ब्लाउज बदलता येतो, गळा बदलता येतो, छटा बदलता येते. तिसऱ्या उत्तरावर कापडात काही बदलायची गरज नाही.